जर्मनीत उतरल्यावर आधी टपालपेटीवर नाव

प्रिय मित्रा,

डॉर्टमुंडला खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. १ ऑक्टोबरला राहायला जाशील, म्हणजे पत्त्याची नोंदणी, तिथल्या भाषेत आन्मेल्डुंग, करायला तुला १५ तारखेपर्यंत मुदत आहे. दोन आठवडे मोजायचे ते घरात राहायला गेल्यापासून, विमानातून उतरल्यापासून नव्हे. अपॉइंटमेंट उशिराची मिळाली तर मिळेल ती आजच घे आणि तिची प्रिंट जपून ठेव.

नोंदणीला नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाने सही केलेलं वेगळं पत्र लागतं. त्यात त्याचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, तुझं नाव आणि राहायला आल्याची तारीख असते. तू कुणाच्या घरात पोटभाडेकरू असशील, तर मूळ भाडेकरूसुद्धा ते देऊ शकतो. जो हे पत्र द्यायला नाही म्हणतो, त्याची खोली घेऊ नकोस, भाडं कितीही कमी असो. नाव पासपोर्टात आहे तसंच लिहून घे. आपल्याकडे वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच जातं, ते इथे गाळू नकोस. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंस तर पुढे प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर कापला जातो, हे माहीत असू दे.

पहिल्यांदाच नोंदणी झाली की अकरा आकडी कर-क्रमांक, श्टॉयर-आयडी, आपोआप निघतो. वेगळा अर्ज नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत तो टपालाने येतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं. पेटीवर फक्त आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तिथे पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, आडनाव बघतो. माझं पत्र परत गेलं. क्रमांक नसल्यामुळे पहिल्या नोकरीचा पगार करवर्ग ६ प्रमाणे कापून आला. त्या वर्गात करमुक्त रकमेची सवलतच मिळत नाही. जास्तीचे पैसे नंतर परत मिळाले, पण त्या महिन्याचं भाडं उसनं घेऊन भरलं. म्हणून खोलीची किल्ली हातात आली की आधी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटव. महिनाभरात पत्र आलं नाही तर पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन जवळच्या फिनान्झआम्टमध्ये, म्हणजे कर-कार्यालयात, जाऊन विचार.

बँकेसाठी कर-क्रमांकाची वाट बघत बसू नकोस. तुझ्या स्पेरकोंटोतले, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या गोठवलेल्या खात्यातले, महिन्याचे ९९२ युरो तुझ्या नावाचं चालू खातं उघडल्याशिवाय हाती येणार नाहीत. नोंदणीचा कागद मिळाला की त्याच दिवशी बँकेत जा. कर-क्रमांक बहुतेक ठिकाणी मागाहून देता येतो. बँक टोलवायला लागली तर ‘बाझिसकोंटो’चा लेखी अर्ज दे. २०१६ पासून कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला या मूलभूत खात्याचा हक्क आहे, आणि बँकेला कामकाजाच्या दहा दिवसांत निर्णय द्यावाच लागतो.

घरमालकाचं पत्र आलं की मला फोटो पाठव, नाव आणि तारीख मी तपासून देतो.

तुझा,
दादा