प्रायोजकत्वाचा करार संपताना : उरलेल्या पैशांचा हिशेब

आमच्या कबड्डी संघाला एका कंपनीने जून ते मार्च अशा दहा महिन्यांसाठी 6 लाख रुपये द्यायचे ठरवले होते. 4 लाख जूनमध्येच मिळाले. आता ऑक्टोबरमध्ये त्यांनी करारानुसार तीस दिवसांची नोटीस दिली असून करार 20 नोव्हेंबरला संपेल. आत्तापर्यंत 2 लाख 35 हजार खर्च झाले आहेत. उरलेले 1 लाख 65 हजार परत द्यावेच लागतील का?
— एका संघाचे खजिनदार, सांगली जिल्हा

खजिनदारसाहेब, आधी करार काढा आणि ही रक्कम कशासाठी दिली आहे हे सांगणारे वाक्य शोधा. बहुतेक करारांत ते पहिल्या पानावरच असते. ‘संघाच्या हंगामी खर्चासाठी’ असे शब्द असतील, तर पैसा त्या कामापुरता तुमच्याकडे आलेला आहे आणि काम थांबल्यावर न खर्चलेला भाग परत जातो. ‘कंपनीचे नाव व बोधचिन्ह जर्सीवर आणि मैदानावर झळकवण्याचा मोबदला म्हणून’ असे शब्द असतील, तर तो तुमच्या सेवेचा दाम आहे. मग तुम्ही तो कशावर खर्च केला हा प्रश्न गौण ठरतो आणि किती दिवस नाव झळकले ते पाहावे लागते. या दोन मोजपट्ट्यांची उत्तरे वेगवेगळी येतात आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीची पट्टी धरून बसतात, म्हणूनच बहुतेक भांडणे होतात.

तुम्ही पाठवलेल्या हिशेबावर आधी पहिली पट्टी लावू. जर्सी आणि ट्रॅकसूट 92 हजार, प्रशिक्षकांचे पाच महिन्यांचे मानधन 75 हजार, दोन स्पर्धांचा प्रवास व मुक्काम 68 हजार, असे 2 लाख 35 हजार झाले. पण उरलेले सगळे 1 लाख 65 हजार मोकळे आहेत असे समजू नका. नोटिशीच्या काळात प्रशिक्षक सरावावर आहेतच, त्यामुळे त्यांचे आणखी एका महिन्याचे 15 हजार देणे आहे. डिसेंबरच्या स्पर्धेसाठी तुम्ही नोटीस येण्यापूर्वीच लॉज ठरवले आणि त्याचे 13 हजार परत मिळणार नाहीत. हे 28 हजार अजून खर्च झाले नसले तरी बांधले गेले आहेत. ते वजा केले की 1 लाख 37 हजार ही खरी मोकळी रक्कम उरते. मात्र नोटीस हातात पडल्यानंतर तुम्ही नव्याने केलेला कोणताही सौदा या ‘बांधलेल्या’ रकमेत धरता येणार नाही. म्हणून लॉजच्या आरक्षणाची तारीख दाखवणारी पावती जपून ठेवा.

दुसऱ्या पट्टीने पाहिले तर दहा महिन्यांना 6 लाख म्हणजे महिन्याला 60 हजार. जून ते ऑक्टोबरचे 3 लाख आणि नोव्हेंबरच्या वीस दिवसांचे 40 हजार, असे 3 लाख 40 हजार तुमचे झाले. मिळाले 4 लाख, म्हणून परत द्यायचे 60 हजार. एकाच करारातून 77 हजारांचा फरक पडतो तो असा.

करार यापैकी काहीच स्पष्टपणे सांगत नसेल, तर मी बांधलेला खर्च वजा केलेली पहिली पट्टी धरण्याचा सल्ला देईन. ती पावत्यांवरून सिद्ध करता येते, आणि पुढच्या हंगामात तुम्हाला याच तालुक्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे जायचे आहे. जर्सींबद्दल कंपनीने काही मागितले तर ते मान्य करू नका, कारण तिच्याच नावाने छापलेले कपडे दुसऱ्याला विकता येत नाहीत. करार संपल्यावर नाव झाकायचे की हंगामभर तसेच वापरायचे, हे मात्र लेखी ठरवून घ्या. याच पैशांतून कबड्डीच्या मॅट घेतल्या असत्या तर माझे उत्तर बदलले असते. त्या कितीतरी हंगाम टिकतात, आणि त्यांच्या उरलेल्या किमतीचा विचार प्रायोजकाने मागितला तर ते गैर म्हणता येत नाही.

हिशेबाचा कागद करार संपल्यापासून पंधरा दिवसांत, प्रत्येक रकमेला पावतीचा क्रमांक घालून, द्यावा. एका क्रीडा मंडळाच्या अशाच वादात मी खजिनदारांची फाइल उघडली, तेव्हा प्रवासाच्या बिलांचा कागद पांढरा पडला होता, एकही आकडा वाचता येईना, आणि झालेला खरा खर्च प्रायोजकाला पटवता आला नाही. उष्णतेने छपाई होणाऱ्या चकचकीत कागदाच्या पावत्या मिळाल्या त्याच दिवशी त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.

अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे प्रशासनाने आमच्या धावण्याच्या स्पर्धेला आदल्या दिवशी परवानगी नाकारली. टी-शर्ट, पदके तयार होती. प्रायोजक सगळी रक्कम मागतो आहे. आमची चूक नसताना ती का द्यायची?
— आयोजक, कोल्हापूर

तुमची चूक नाही, म्हणून तुमच्यावर नुकसानभरपाईचा बोजा पडत नाही. परंतु घेतलेले पैसे ठेवण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 56 असे सांगते की, करार झाल्यानंतर ठरलेले कृत्य अशक्य किंवा बेकायदा झाले आणि ते टाळणे वचन देणाऱ्याच्या हाती नव्हते, तर करार निरर्थक होतो. मग कलम 65 लागू होते आणि अशा कराराखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा, असे ते म्हणते. या कलमाखाली कायद्यातच दिलेले एक उदाहरण तुमच्या बाबतीत नेमके बसते. गायकाने मैफलीसाठी 1000 रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही. आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, मात्र ते 1000 रुपये परत करायचे.

टी-शर्ट-पदकांचा खर्च वजा करण्याचा स्पष्ट हक्क हे कलम देत नाही. तो करारात लिहिलेला असेल तर प्रश्न मिटतो, नसेल तर वाटाघाट करावी लागते. प्रायोजकाचे नाव छापलेले टी-शर्ट आदल्या दिवसांत वाटले असतील, तर तेवढी प्रसिद्धी त्याला मिळालेली आहे. ती मोजून दाखवा आणि वाटपाची यादी जोडा.

स्पर्धा रद्द झाली की पुढे ढकलली गेली, हे मात्र आधी पक्के करा. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात असे ठरवले की, युद्धकाळात सरकारने जमीन काही काळ ताब्यात घेतली एवढ्यावरून ती विकसित करून देण्याचा करार संपत नाही, कारण काम पुरे करण्याची मुदत करारात नव्हती. त्याच न्यायाने, तुमच्या करारात ठरावीक तारीख हा गाभा नसेल आणि जानेवारीत स्पर्धा घेता येत असेल, तर करार जिवंत आहे असे तुम्ही म्हणू शकता. स्वातंत्र्यदिनाची दौड असेल तर तसे म्हणता येणार नाही.

गणेशोत्सवात आमच्या दुकानाच्या नावाच्या पाच कमानी लावायचे ठरले होते, दोनच लागल्या. मंडळ म्हणते, ‘रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापले आहे. मग काय करावे?
— एक व्यापारी, पुणे

पावतीवरील वाक्य मंडळाने ठरलेले काम केले आहे असे गृहीत धरते. काम न करता पैसे ठेवण्याची मुभा त्यातून मिळते, असे मला वाटत नाही. कमानी सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच वर्दळीच्या जागी ठरल्या असतील तर तीन पंचमांश रक्कम मागणे रास्त आहे. मुख्य चौकातली कमान लागली आणि गल्लीतल्या राहिल्या असतील, तर मात्र थोडे कमी मागा. उत्सवातले तारखेचे फोटो, ठरलेल्या जागांची यादी आणि मंडळाला त्या दिवसांत पाठवलेले संदेश एकत्र करून लेखी मागणी करा. पैशाच्या अशा दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण उत्सव संपताच लिहिलेल्या पत्राचे वजन वेगळे असते. मंडळाने वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडून हंगामी परवानगी घेतली असेल, तर त्यांना उत्सवाचा हिशेब सादर करावा लागतो. तुमचा परतावा त्या हिशेबात यावा म्हणून मागणी लवकर गेलेली बरी.

आम्हाला 4 लाख ठरले होते, पण 8 हजार टीडीएस कापून 3 लाख 92 हजार आले. परतीचा हिशेब कोणत्या आकड्यावर करायचा?
— क्रीडा मंडळाच्या सचिव, नाशिक

सचिव महोदया, तो 4 लाखांवर करावा. कापलेले 8 हजार तुमच्या पॅनवर जमा झाले आहेत आणि त्यांची वजावट तुम्हाला विवरणपत्रात मिळते, म्हणून ते तुम्हाला मिळालेलेच आहेत. केवळ बँकेत आलेल्या रकमेवर हिशेब मांडला की प्रायोजकाचे लेखापाल तो परत पाठवतात आणि महिना जातो. तुमच्या मंडळाची जीएसटी नोंदणी असून तुम्ही कर लावून बिल दिले असेल, तर परताव्याबरोबर क्रेडिट नोट द्या. ती ज्या आर्थिक वर्षाच्या बिलाची आहे, त्यापुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवावी लागते, नाहीतर भरलेला कर कमी करून घेता येत नाही.

पुढच्या वर्षी नवा प्रायोजक मिळतो आहे. ही भांडणे टाळण्यासाठी करारात नेमके काय लिहावे?
— सांगलीचेच खजिनदार

तुमच्या आकड्यांवरून पुढील मजकूर सुचवतो.

‘ही रक्कम संघाच्या हंगामी खर्चासाठी आहे. कोणताही पक्ष तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल. करार संपल्यापासून पंधरा दिवसांत संघ पावत्यांसह हिशेब देईल. मिळालेल्या रकमेतून झालेला खर्च, तसेच नोटीस मिळण्यापूर्वी स्वीकारलेले आणि रद्द न करता येणारे देणे वजा करून उरलेली रक्कम, हिशेब दिल्यापासून तीस दिवसांत, प्रायोजकाच्या ज्या बँक खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात परत केली जाईल. हिशेबावर दहा दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो मान्य समजला जाईल. हरकत आल्यास वादातील रक्कम वगळून उरलेली रक्कम मुदतीतच दिली जाईल.’

शेवटचे वाक्य गाळू नका, कारण पाच हजारांच्या एका बिलावरून सव्वा लाखाचा परतावा अडकलेला मी पाहिला आहे. नैसर्गिक आपत्ती किंवा शासकीय मनाईमुळे स्पर्धा न झाल्यास हीच पद्धत लागू होईल, असे एक वाक्य जोडले की कोल्हापूरच्या आयोजकांची अडचण तुम्हाला येणार नाही. टिकाऊ साहित्य कोणाच्या मालकीचे राहील, तेही नावानिशी लिहा. शेवटी ‘हिशेब पूर्ण, कोणाचे काही देणे नाही’ या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, पण प्रायोजकाने त्यावर सही करावी ती रक्कम त्याच्या खात्यात जमा झाल्यावर, आणि व्यवहाराचा बँक संदर्भ क्रमांक त्याच कागदावर लिहून.