गळती की पाझर? पोटॅशियमची वाट आणि पेशीचा 'विराम'

प्रश्न: पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकते आहे. मराठीत टिपणं काढताना 'पोटॅशियम लीक चॅनल'ला मी 'गळती चॅनल' लिहिलं. पण गळती म्हणजे नुकसान ना? गळतीने टाकी रिकामी होते, इथे तर गळतीमुळेच −७० मिलिव्होल्ट तयार होतात म्हणे. शिवाय पंप ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो, म्हणून पेशी आतून ऋण होते असंही वाचलं. नक्की कोण करतं? आणि पंप सतत चालू असेल तर त्याला 'विश्रांती विभव' कसं म्हणायचं?

उत्तर:

'गळती' चालेल, पण त्या शब्दामागून मराठीत दोन अर्थ न बोलावता येतात: काहीतरी फुटलं आहे, आणि जे आहे ते संपत चाललं आहे. छप्पर गळतं, केस गळतात, शाळेतून मुलांची गळती होते. 'लीक' हा शब्द या विषयात आला तो वेगळ्या वाटेने. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या जाड चेतातंतूतल्या विद्युतधारेची फोड केली. सोडियमची धारा एक, पोटॅशियमची दुसरी, आणि या दोन्हींत न बसणारी, विभव बदलला तरी जिची वाट उघडत-मिटत नाही अशी उरलेली छोटी धारा तिसरी. तिला त्यांनी 'लीकेज' म्हटलं. त्या शब्दातून आपण घ्यायचा तो अर्थ एवढाच, की या वाटेला झडप नाही. पुढे पोटॅशियमसाठी बहुतेक वेळ उघडे राहणारे चॅनल सापडले, तेव्हा त्यांनाही हेच नाव चिकटलं.

म्हणून मला 'पाझर' हा शब्द जास्त आवडतो. पाझर फुटणं यात मोडतोड नाही, आणि पाझरणारा खडक काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवतो. पोटॅशियमचा चॅनल नेमकं हेच करतो. त्याच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशियम आपलं पाण्याचं कवच सोडून तिथे अलगद सामावतो. सोडियम आकाराने लहान असूनही जवळजवळ अडतो, कारण ते ऑक्सिजन त्याला नीट वेढू शकत नाहीत आणि पाण्याचं कवच सोडणं त्याला परवडत नाही. गळक्या घागरीला अशी निवड करता येत नाही. आणि ही निवड नसती तर विभव निर्माणच झाला नसता.

आता एक पेशी घेऊन हिशेब करू. आत पोटॅशियम १४०, बाहेर ४. सोडियम याच्या उलट, आत १२ आणि बाहेर १४५. हे सगळे आकडे मिलिमोल प्रतिलिटर आहेत. पटलात एकही वाट नाही असं क्षणभर धरा. दोन्ही बाजूंना धन आणि ऋण प्रभार सारखेच आहेत: आत पोटॅशियमच्या जोडीला प्रथिनं आणि फॉस्फेटयुक्त मोठे ऋण आयन, बाहेर सोडियमच्या जोडीला क्लोराइड. संहती वेगवेगळी असूनही विभवांतर शून्य. इथे बरेचजण अडखळतात. संहतीतला फरक म्हणजे विभवांतर नव्हे.

आता फक्त पोटॅशियमची वाट उघडा. आत दाटी, बाहेर विरळ, म्हणून विसरणाने पोटॅशियम बाहेर निघतो. त्याचे ऋण जोडीदार मोठे आहेत, त्यांना या वाटेने जाता येत नाही. बाहेर गेलेला प्रत्येक पोटॅशियम आपल्यामागे एक एकटा ऋण प्रभार ठेवून जातो. असे प्रभार पटलाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर जमतात, आत ऋण आणि बाहेर धन. जसजसे ते वाढतात तसतसं आतलं ऋण अंग पोटॅशियमला मागे ओढू लागतं. संहतीचा रेटा बाहेर आणि विजेची ओढ आत, दोन्ही तुल्यबळ झाली की निव्वळ ये-जा थांबते. ३७ अंश सेल्सिअसला नर्न्स्टच्या समीकरणाने हा बिंदू काढायचा तर बाहेरच्या संहतीला आतल्या संहतीने भागायचं, त्याचा १० पायाचा लॉगरिदम घ्यायचा आणि ६१.५ ने गुणायचं. ४ भागिले १४० यावरून येतं सुमारे −९५ मिलिव्होल्ट.

टाकी रिकामी का होत नाही, याचं उत्तर किती आयन गेले यात आहे. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरू. पटलाची विद्युतधारिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. त्यावरून ७० मिलिव्होल्टसाठी सुमारे ५५ लाख धन आयन बाहेर जावे लागतात. आकडा मोठा वाटतो, पण त्या पेशीत पोटॅशियमचे आयन आहेत सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे साधारण ६४ हजारांत एक. आतली संहती १४० होती ती १४०च राहते, कोणत्याही नेहमीच्या मोजमापात फरक दिसणार नाही. 'पेशी आतून ऋण आहे' हे वाक्यही याच मर्यादेत वाचायचं: पेशीद्रवाचा सगळा गाभा विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, जास्तीचा ऋण प्रभार पटलालगतच्या अगदी पातळ थरात असतो.

मग −९५ न होता −७० च्या आसपास का? कारण सोडियमलाही थोडी वाट मिळते. पोटॅशियमची पारगम्यता १ धरली तर सोडियमची ०.०४ धरू. चेतापेशीसाठी हा आकडा पटण्याजोगा आहे. वाट अरुंद असली तरी सोडियमवरचा रेटा जबर असतो, कारण बाहेर तो जास्त आहे आणि आतलं ऋण अंगही त्याला ओढतं. दोन्ही आयन एकत्र धरणाऱ्या गोल्डमन समीकरणात वर ४ अधिक ०.०४ गुणिले १४५, म्हणजे ९.८, आणि खाली १४० अधिक ०.०४ गुणिले १२, म्हणजे जवळजवळ १४०.५. भागाकाराचा लॉगरिदम घेऊन ६१.५ ने गुणलं की येतात −७१ मिलिव्होल्ट.

या सगळ्या हिशेबात पंप कुठेच आला नाही, हे पाहा. तरीही आपण −७१ पर्यंत पोहोचलो. '३ बाहेर, २ आत, म्हणून पेशी ऋण' हे वाक्य खोटं नाही, पण मुख्य कारण म्हणून ते चुकतं. प्रत्येक फेरीला एक एटीपी खर्चून पंप एक धन प्रभार जास्त बाहेर टाकतो, त्याचा थेट परिणाम होतोच. तो किती, हेही काढता येतं. −७१ काढताना आपण नकळत धरलं होतं, की जेवढा सोडियम आत शिरतो तेवढाच पोटॅशियम बाहेर जातो. ३ ला २ या प्रमाणात काम करणारा पंप असेल तर टिकाऊ हिशेब वेगळा बसतो: ३ सोडियम आत झिरपले की २ पोटॅशियम बाहेर जावेत, तरच सगळं जागच्या जागी राहतं. त्यासाठी समीकरणातल्या पोटॅशियमच्या दोन्ही आकड्यांना १.५ ने गुणतात. मग वर ११.८, खाली सुमारे २१०.५, आणि उत्तर −७७. म्हणजे आपल्या पेशीत पंपाचा थेट वाटा ६ मिलिव्होल्ट. बाकीचे ७१ पाझराचे.

पण ते ७१ ज्या संहतीतल्या फरकावर उभे आहेत, तो फरक पंपानेच घडवलेला आणि राखलेला असतो. हे प्रयोगात दिसतं. ऊआबेन हे वनस्पतीतून मिळणारं द्रव्य पंप बंद पाडतं. ते घातल्याबरोबर विभव काही मिलिव्होल्टच सरकतो. तो पंपाचा थेट वाटा. त्यानंतर सोडियम आत साचत जातो, पोटॅशियम घटत जातो, आणि विभव हळूहळू ढासळतो. लहान पेशीत हे लवकर होतं, जाड चेतातंतूत बराच वेळ लागतो. पहिली झटपट पायरी आणि नंतरची संथ उतरण, या दोन वेगांवरून पंपाची दोन कामं वेगळी ओळखता येतात. पाझराची खूण वेगळी: पंपाला हात न लावता बाहेरचा पोटॅशियम ४ वरून ८ करा, आपल्या −७१ च्या हिशेबात विभव लगेच −६२ होतो. रक्तातला पोटॅशियम वाढला की हृदयाची लय बिघडते, तिची सुरुवात याच सरकण्यात असते.

एक मर्यादा सांगायला हवी. मी क्लोराइड गाळला आहे. बऱ्याच चेतापेशींत त्याने उत्तर फारसं बदलत नाही, पण कंकाल स्नायूत क्लोराइडची वाट मोठी असते, आणि तिथला विश्रांती विभव −९० च्या जवळ असतो. तिथे पोटॅशियमचा मुख्य चॅनलही निराळ्या कुळातला आहे. म्हणून −७० हा आकडा 'पेशीचा' म्हणून पाठ करू नका, तो चेतापेशीचा आहे.

आता 'विश्रांती'. विश्रांती थकलेला घेतो, आणि ती घेताना काम थांबतं. इथे काम थांबलेलं नाही. फक्त पोटॅशियमची वाट असलेल्या आपल्या पहिल्या पेशीत निव्वळ ये-जा खरोखरच थांबली होती. तिथे पंप बंद केला तरी −९५ तसेच राहिले असते, खर्च शून्य. त्याला समतोल म्हणता येतं. खऱ्या पेशीत सोडियम सतत आत झिरपतो, पोटॅशियम सतत बाहेर पाझरतो आणि पंप दोघांनाही सतत परत नेतो. आकडा हलत नाही, पण आयन हलत राहतात आणि एटीपी खर्च होत राहतं. याला समतोल नव्हे, स्थिर अवस्था म्हणायचं. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर ती भाषेची नाही, विज्ञानाची चूक ठरते.

मूळ इंग्रजी शब्दात 'रेस्ट' आहे तो संदेशाच्या बाजूने: चेतापेशी त्या वेळी संदेश पाठवत नाही. बोलणारा दोन वाक्यांमध्ये थांबतो त्याला आपण विराम म्हणतो, विश्रांती म्हणत नाही. त्या विरामातही त्याचा श्वास चालूच असतो. म्हणून तुमच्या टिपणांत मी 'विराम विभव' आणि 'पोटॅशियमचा पाझर चॅनल' असं लिहीन, आणि पहिल्यांदा लिहिताना शेजारी 'लीक चॅनल' हे प्रचलित नावही ठेवीन, म्हणजे पुस्तक उघडल्यावर गोंधळ होणार नाही.