फॉर्म १६ मध्ये टॅक्स शून्य, मग एफडीच्या व्याजाचं काय?

प्रश्न: कंपनीकडून फॉर्म १६ आला, त्यात टॅक्स शून्य आहे. एफडीच्या व्याजावर बँकेनेही काही कापलं नाही. मग व्याज दाखवायचं का? पहिल्यांदाच स्वतः रिटर्न भरतोय.

हो, दाखवायचंच. आणि तुमचा पगार बारा-तेरा लाखांच्या आसपास असेल तर नीट आकडेमोड करा, कारण तिथे थोडं व्याजही बरंच महाग पडतं.

फॉर्म १६ मध्ये कंपनीला माहीत असलेलंच उत्पन्न असतं. तुमच्या एफडीची तिला कल्पना नसते. बँकेचं म्हणाल तर २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं ठेवींचं व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलं तरच ती टीडीएस कापते (ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा एक लाख). कापला नाही म्हणजे कर माफ झाला असं नाही, तो तुम्ही भरायचा राहिला.

एक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. वर्षाचा पगार १२,६०,००० रुपये. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ११,८५,००० उरतात. १२ लाखांपर्यंत सवलत मिळत असल्याने कंपनीने टॅक्स शून्य धरला, तो बरोबरच आहे. आता एफडीचं व्याज ३४,००० आणि बचत खात्याचं ६,००० मिळवा. एकूण झाले १२,२५,०००, आणि बारा लाखांची रेषा ओलांडली.

स्लॅबप्रमाणे हिशेब केला तर कर ६३,७५० येतो. पण कायद्यात सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. म्हणून कर २५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर १,०००, एकूण २६,०००. म्हणजे ४०,००० च्या व्याजातले २६,००० गेले. पगार थोडा कमी असता आणि व्याज धरूनही बेरीज बारा लाखांच्या आत राहिली असती, तर कर शून्यच राहिला असता. रिटर्नमध्ये मात्र व्याज तेव्हाही दाखवायचं. आणि बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० ची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत ती धरू नका.

आता भरायला बसण्याआधी incometax.gov.in वर लॉगिन करून AIS उघडा. बँकांनी कळवलेलं व्याज तिथे दिसतं. ते प्रत्येक बँकेच्या व्याज प्रमाणपत्राशी ताडून बघा. इथे माझीच चूक झाली होती. एक क्युम्युलेटिव्ह एफडी होती, पैसे पाच वर्षांनी मिळणार होते, म्हणून व्याज दाखवलं नाही. पण बँक दरवर्षी साठणारं व्याज त्या त्या वर्षी कळवत असते. रिटर्न आणि AIS चा आकडा जुळला नाही, विभागाचा मेसेज आला आणि सुधारित रिटर्न भरावं लागलं. एफडी मोडली नाही, पैसे हातात आले नाहीत, तरी त्या वर्षाचं व्याज उत्पन्नात येतं. दरवर्षी दाखवत गेलात तर मुदत संपल्यावर सगळं व्याज एकाच वर्षात धरायला लागत नाही.

मग e-File मधून File Income Tax Return उघडा, असेसमेंट इयर 2026-27 निवडा आणि ITR-1 घ्या. पगाराचा भाग बहुतेक आधीच भरलेला येतो, तो फॉर्म १६ शी पडताळा. व्याज ‘Income from Other Sources’ मध्ये टाका, बचत खात्याचं वेगळं आणि ठेवींचं वेगळं.

शेवटी कर देणं दिसेल. e-Pay Tax मध्ये Self-Assessment Tax (300) निवडून भरा, चलनाचा तपशील रिटर्नमध्ये आला की नाही ते बघा आणि मगच सबमिट करा. रक्कम २६,००० पेक्षा थोडी जास्त दिसेल, गोंधळू नका. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त असेल तर तो आगाऊ, हप्त्यांनी भरायचा असतो. तो न भरल्याने कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज लागतं. जुलैत भरलात तर नुसत्या २३४बी चेच चार महिन्यांचे १,०४० रुपये होतात. पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीच्या अकाउंट्सला व्याजाचा अंदाज लेखी द्या, ते मार्चच्या पगारातून कर कापतील आणि हा भुर्दंड वाचेल.

सबमिट केल्यावर आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय त्याच बैठकीत करून टाका. ३० दिवसांची मुदत असते, आणि व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलेलं धरत नाहीत.