नकाशावर उत्तरेचे प्रदेश फुगलेले का दिसतात, आणि झूम १७ वर एक पिक्सेल म्हणजे किती मीटर?

प्रश्न : ऑनलाइन नकाशात ग्रीनलंड भारतापेक्षा मोठं का दिसतं? आणि झूम १७ ला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर नक्की किती मीटर?

पुण्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण १.१३ मीटर. श्रीनगरात त्याच झूमला ०.९९. हा फरक का पडतो ते कळलं की ग्रीनलंडचं कोडंही सुटतं.

पृथ्वीवर अक्षवृत्तं उत्तरेकडे लहान होत जातात, पुण्याच्या १८.५२ अंशांवरचं वर्तुळ विषुववृत्ताच्या ०.९४८ पटच आहे. ऑनलाइन नकाशे ज्या पद्धतीने गोल पृथ्वी सपाट करतात ती वेब मर्केटर मात्र प्रत्येक अक्षवृत्त सारख्याच रुंदीचं काढते, म्हणजे ते आडवं ताणावं लागतं. नुसतं आडवं ताणलं तर चौकोनी इमारती चपट्या होतील, म्हणून तेवढंच उभंही ताणतात. आकार टिकतो, क्षेत्रफळ जातं. ७२ अंशांवर, म्हणजे ग्रीनलंडच्या मध्यावर, लांबी सव्वातीनपट होते आणि क्षेत्रफळ साडेदहापट. प्रत्यक्षात भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे.

झूमचा हिशोब सरळ आहे. झूम ० ला अख्खं जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात मावतं. विषुववृत्ताचे ४,००,७५,०१७ मीटर भागिले २५६, म्हणजे पिक्सेलला १,५६,५४३ मीटर. पुढे दर झूमला हे निम्मं होतं:

```
156543.03 * cos(radians(lat)) / 2^zoom
```

(मोबाइलवर किंवा दाट पडद्यावर तोच चौकोन ५१२ पिक्सेलचा येतो, तेव्हा उत्तर आणखी निम्मं करा.)

आता माझी फजिती. मुळशीकडच्या एका शेताची हद्द मी उपग्रह चित्रावर आखली आणि QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `area($geometry)` लावून क्षेत्रफळ काढलं. सातबाऱ्यावर ४० आर, माझ्या तक्त्यात साडेचव्वेचाळीस. शेतकरीकाका खूश, म्हणाले, "बघा, मोजणीवाल्यांनी साडेचार आर खाल्ले होते!" मीही दोन दिवस माझी हद्द चुकली की काय म्हणून कोपरे तपासत बसलो. हद्द बरोबर होती. थर `EPSG:3857` मध्ये, म्हणजे वेब मर्केटरमध्येच होता आणि ते सूत्र नकाशावरचे ताणलेले मीटर मोजत होतं. १ भागिले ०.९४८ चा वर्ग म्हणजे १.११, आणि ४० गुणिले १.११ म्हणजे जवळपास तेच साडेचव्वेचाळीस. काकांना ते सांगणं जास्त अवघड गेलं.

ही चूक फसवी असते, कारण पुण्याच्या आसपासची सगळीच शेतं सारख्याच प्रमाणात फुगतात, त्यामुळे एकमेकांशी ताडून काहीच लक्षात येत नाही. माहीत असलेली एखादी लांबी मोजून बघा : ४०० मीटरचा धावमार्ग ४२२ भरला तर समजा, तुम्ही मर्केटरचे मीटर मोजताय. मोजमापासाठी थर `EPSG:32643` मध्ये, म्हणजे पुण्याच्या पट्ट्याच्या UTM प्रणालीत, बदलून घ्या. `$area` हे सूत्रही चालतं, फक्त प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एलिप्सॉइड निवडलेला हवा. नकाशा दाखवायला मात्र `3857` च राहू द्या, त्यात काही बिघडत नाही.