चार आकड्यांचा केनो: शंभरातले चौतीस रुपये कुठे जातात

«ऑनलाइन केनोत मी चार आकडे लावतो. चौथ्या-पाचव्या डावाला काहीतरी लागतंच. अधूनमधून स्क्रॅच कार्डही घेतो. तरी महिन्याअखेर पैसे कमीच होतात. साइट फसवते का?»

फसवत असेलही, पण एक पैशाची लबाडी न करताही हेच होईल. ते त्यांनी बक्षिसांच्या तक्त्यातच लिहून ठेवलेलं असतं. केनो म्हणजे आकड्यांची सोडत: आपण लावलेले आकडे निघालेल्या आकड्यांशी किती जुळले, त्यावर बक्षीस.

मी नाशिकला अकरावी-बारावीचं गणित शिकवतो. आमच्या शेजारचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात आहे. मागे एकदा चहाच्या टपरीवर त्याने मोबाइल पुढे केला. "सर, शंभर डावांत सव्वीस वेळा जिंकलोय!" डाव १० रुपयांचा, चार आकड्यांचा. तक्ता असा होता: दोन जुळले तर १० रुपये, तीन जुळले तर ५०, चारही जुळले तर ७५०. आम्ही तिथेच त्याची हिस्टरी एकेक ओळ करून वाचली. सव्वीसपैकी एकवीस वेळा त्याला १० रुपये मिळाले होते, म्हणजे त्याचेच १० परत. स्क्रीनवर मात्र प्रत्येक वेळी नाणी उसळली होती. उरलेल्या पाच वेळा ५०. एकूण हातात आले ४६० आणि घातले होते १,०००. तो बराच वेळ गप्प होता. मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा हिशोबाला कच्चा नाही. त्याने 'जिंकलो' हा शब्द साइटकडून घेतला होता, एवढंच.

"चार लागले असते तर?" त्याने विचारलं. तेही करून बघू. केनोत ८० आकड्यांतून २० निघतात. तुमचा पहिला आकडा त्या विसात असण्याची शक्यता २०/८०, तो आला तर दुसऱ्याची १९/७९, मग १८/७८ आणि १७/७७. चारही गुणा, उत्तर येतं साधारण ३२६ डावांत एकदा. तेवढे डाव खेळायला ३,२६० रुपये लागतात आणि मिळतात ७५०.

आता पूर्ण हिशोब. असे १०,००० डाव धरा, म्हणजे एक लाख रुपये. सरासरीने दोन आकडे २,१२६ वेळा जुळतील, तीन ४३२ वेळा आणि चार जेमतेम ३१ वेळा. परत येतात अनुक्रमे २१,२६०, २१,६०० आणि २३,२५० रुपये, मिळून ६६ हजारांच्या आसपास. उरलेले ३४ हजार साइटचे. एका शून्याच्या रूलेटमध्ये हा वाटा २.७ टक्के असतो, त्यावरून ३४ टक्के म्हणजे काय ते कळेल. बाकी दोन्ही बक्षिसं तशीच ठेवून खेळ बरोबरीचा करायचा, तर चार आकड्यांना ७५० नव्हे, सुमारे १,८६० रुपये द्यावे लागतील. तुमच्या साइटचा तक्ता थोडा वेगळा असेल. वरचे २,१२६, ४३२ आणि ३१ हे आकडे मात्र ८० आकड्यांतून २० काढणाऱ्या कुठल्याही साइटवर बदलत नाहीत, त्यांना तुमची बक्षिसं गुणून पाहा. जन्मतारीख लावा नाहीतर 'बरेच दिवस न आलेला' आकडा लावा, काही फरक पडत नाही. आधीचे डाव पुढच्या डावाला माहीत नसतात.

शिवाय वेग. दहा सेकंदाला एक डाव धरला तर शंभर डाव सतरा मिनिटांत संपतात. हजाराचे सरासरी ६६० उरतात, ते पुन्हा लावले की ४३५. वाटा एकदाच जात नाही, प्रत्येक फेरीला जातो.

स्क्रॅच कार्डात हे एवढं सोपं नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त वाईट वाटतं. केनोत ८० आणि २० माहीत असले की शक्यता आपण स्वतः काढू शकतो. कार्डात शक्यता फक्त बनवणाऱ्याला माहीत. 'दर चारात एक जिंकतो' असं लिहिलेलं असलं तरी त्या एकात तिकिटाचेच पैसे परत देणारी कार्डं मोजलेली असू शकतात. म्हणून माहितीच्या पानावर प्रत्येक बक्षिसाची वेगळी शक्यता दिली आहे का ते पाहा. नुसतंच मोठं बक्षीस दिसत असेल तर हिशोब करताच येत नाही. ऑनलाइन कार्डाचा निकाल सहसा विकत घेण्याचं बटण दाबताच ठरलेला असतो, खरवडणं हा नुसता देखावा. दोन सारखी चित्रं येऊन तिसरं चुकलं म्हणजे 'थोडक्यात हुकलं' असं नसतं, ते कार्ड आधीपासूनच रिकामं असतं.

हा सगळा हिशोब सोडत प्रामाणिक आहे असं धरून झाला. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी आहे. त्यामुळे आज जी साइट तुमच्याकडून पैसे घेतेय, तिची सोडत इथे कोणी तपासत नाही. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा पैसे अडकले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला कचरू नका. आणि आज तुमची हिस्टरी उघडून तिकिटापेक्षा जास्त पैसे आलेल्या ओळी तेवढ्या मोजा. शंभरात चार-पाच निघतील.