परिशिष्टात काय टाकायचं आणि काय नाही

«मॅडम, मी एम.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेवर प्रबंध लिहितेय. मर्यादा ६० पानांची आहे, माझी ९४ झालीत. गाइड सर म्हणाले, "जास्तीचं परिशिष्टात टाक." पण जास्तीचं म्हणजे नेमकं कोणतं? मला तर सगळंच महत्त्वाचं वाटतंय.»

सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण "जास्तीचं" या शब्दाने तुझा घोळ झालाय. परिशिष्ट म्हणजे माळा नव्हे, की जागा पुरेना म्हणून सामान वर चढवलं. परीक्षक परिशिष्ट उघडतीलच असं धरून चालू नकोस. त्यांनी एकही परिशिष्ट पाहिलं नाही, तरी तुझा निष्कर्ष आणि त्याचा आधार त्यांना मुख्य मजकुरात पूर्ण मिळायला हवा. ज्याला खात्री करून घ्यायची आहे किंवा हाच अभ्यास पुन्हा करायचा आहे, त्याच्यासाठी परिशिष्ट.

म्हणून कापाकापी सुरू करण्याआधी एका कागदावर चार रकाने आख: वस्तू, ती कोणत्या विधानाला आधार देते, ती कुठे जाईल, आणि मुख्य मजकुरात तिचा पहिला उल्लेख कोणत्या पानावर आहे. तू पाठवलेली अनुक्रमणिका घेऊन मी हे करून पाहिलं.

प्रश्नावलीची ५ पानं परिशिष्टात जातील. मात्र ज्या प्रश्नावर तुझा मुख्य निष्कर्ष उभा आहे, त्याची शब्दरचना प्रकरणात जशीच्या तशी दे. "दिवसा किती तास झोपता?" आणि "दिवसा सलग किती तास झोप लागते?" यांची उत्तरं वेगळी येतात, आणि वाचकाला ते तिथेच कळायला हवं. २२ तक्त्यांपैकी तुझ्या चर्चेत फक्त ५ येतात, तेवढेच ठेव. बाकीचे १७ गेले की १४ पानं वाचतात. मुलाखतींच्या शब्दशः लेखनाची ११ पानं आहेत. त्यातली तू उद्धृत केलेली वाक्यं प्रकरणात राहतील आणि मुलाखतीत विचारायच्या मुद्द्यांची यादी परिशिष्टात जाईल. संपूर्ण मुलाखती मात्र कुठेच नकोत. छोट्या वॉर्डातली माणसं नाव काढलं तरी बोलण्यावरून ओळखू येतात. संमतीपत्राचा कोरा नमुना जोड. सह्या केलेल्या प्रतींची २ पानं जोडली आहेस ती काढ, त्यांवर नावं आहेत. एवढ्याने ३२ पानं कमी झाली. उरलेली दोन तुझ्या प्रस्तावनेतून सहज निघतील, ती तशीही लांबलीये.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं मोठं झालं, तो तक्ता १४. तू लिहिलंयस की सलग तीन रात्रपाळ्या झाल्यावर दोन-तृतीयांश परिचारिकांना पाच तासांपेक्षा कमी झोप मिळते. तक्ता पाहिला तर ११८ पैकी ३१ जणींनी हा प्रश्न कोराच सोडलाय. उत्तर दिलेल्या ८७ पैकी ५८, म्हणजे दोन-तृतीयांश, हे खरं. पण सगळ्या ११८ जणी धरल्या तर ५८ म्हणजे निम्म्याहूनही थोड्या कमी. हे ३१ तू परिशिष्टातल्या तळटीपेत ठेवलेत. मुद्दाम लपवले नसतील, तक्ता मोठा म्हणून खाली गेले असतील. पण तोंडी परीक्षेत कुणी ते शोधून काढले, तर तुझं म्हणणं कोण ऐकणार? विधानाचं वजन कमी करणारी गोष्ट त्या विधानाच्या शेजारीच हवी. "उत्तर दिलेल्या ८७ पैकी ५८, ३१ जणींनी उत्तर दिले नाही" एवढं एक वाक्य पुरे. त्या ३१ जणी कोणत्या विभागातल्या, किती वर्षं नोकरीत, हा तपशील खुशाल परिशिष्टात जाऊ दे.

परिशिष्टांचा क्रम मुख्य मजकुरातल्या उल्लेखाप्रमाणे लाव: ज्याचा उल्लेख आधी, ते परिशिष्ट अ. तक्त्यांना अ-१, अ-२ असे क्रमांक दे, म्हणजे प्रकरणातल्या तक्त्यांशी गल्लत होणार नाही. "तपशील परिशिष्टात पाहा" असं मोघम लिहू नकोस. "परिशिष्ट आ, तक्ता आ-३" असं लिही. चौथा रकाना ज्या वस्तूपुढे रिकामा राहील, ती कुणी वाचायला सांगितलेलीच नाही. तिच्यासाठी मजकुरात जागा सापडते का बघ, नाहीतर ती काढूनच टाक.

परिशिष्टं पानमर्यादेत धरतात की नाही, हे मात्र तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत वाचून घे. धरत असतील तर हा हिशेब बदलेल, आणि मग त्या १७ तक्त्यांना आधी कात्री लाव.