गाळ्याचं भाडं एकदम पाच हजार उतरवलं, तरी समोरचा अजून कमी करा म्हणतो

प्रश्न: म्हापशात बाजाराजवळ गाळा भाड्याने द्यायचाय. मी ४५,००० सांगितले, त्याने ३४,००० म्हटलं. त्याच फोनवर मी ४०,००० केले. आता तो ३४ वरच अडून बसलाय. एवढे सोडूनही तो हलत का नाही?

उत्तर:

तो हलत नाही, कारण तुमच्या पाच हजारांचा अर्थ त्याने वेगळा लावलाय. तुम्हाला वाटलं आपण मन मोठं केलं. त्याला दिसलं की काही न मागता, एका मिनिटात पाच हजार सुटले, म्हणजे ४५ हा आकडा फुगवलेलाच होता. मग ४० तरी खरा कशावरून?

दुसरं नुकसान हिशेबातलं आहे. घासाघीस बहुतेकदा दोन आकड्यांच्या मध्याजवळ मिटते. ४५ आणि ३४ चा मध्य ३९,५०० होता. तुम्ही ४० वर आलात, तो ३४ वरच राहिला, आणि मध्य ३७,००० झाला. त्याने एक रुपयाही न वाढवता मध्य अडीच हजारांनी त्याच्याकडे सरकला.

तेच पाच हजार टप्प्यांत सोडले असते तर? आधी ४२,५००, मग ४१,०००, मग ४०,३००, शेवटी ४०,०००. म्हणजे सूट अडीच हजार, दीड हजार, सातशे, तीनशे. आकडे आक्रसत गेले की समोरच्याला तळ जवळ आल्याचं आपोआप कळतं. ‘ही शेवटची किंमत’ असं सांगावं लागत नाही. दरवेळी सारखेच हजार-हजार सोडले तर पुढचा हजारही मिळेल असं तो धरून चालतो. सर्वांत वाईट म्हणजे वाढत जाणारी सूट: आधी पाचशे, मग हजार, मग दोन हजार. त्यात घाबरलेला मालक दिसतो, आणि समोरचा फक्त वाट बघत बसतो.

वेळेचंही तसंच आहे. त्याच फोनवर उतरलात तर त्याला आनंद होत नाही, आपण ३० का नाही म्हटलं याची हळहळ वाटते. ‘घरात विचारून उद्या सांगतो’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी कारणासकट आकडा द्यायचा, म्हणजे ती सूट मोजूनमापून दिलेली वाटते. आणि तो आपला आकडा हलवत नाही तोवर दुसऱ्यांदा उतरायचं नाही. तो गप्प राहिला की ती शांतता भरून काढायला आपण स्वतःच अजून हजार सोडतो. बहुतेक पैसे तिथेच जातात.

आता तुम्ही ४० वर आहात, ४२ वर परत जाऊ नका. शब्द फिरवला असं होईल. भाडं तिथेच धरा आणि सूट दुसऱ्या जागी द्या. मासळी बाजारात बघा, बाई वाट्याचा दर सोडत नाही, दोन बांगडे जादा टाकते. तुमच्याकडचे बांगडे म्हणजे फर्निचर लावायला एक महिना भाडं माफ. त्याची किंमत एकदाच ४०,०००. उलट भाडं दोन हजारांनी उतरवलंत, तर तीन वर्षांत ७२,००० जातात, आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर ७५,६६०, कारण वाढही कमी आकड्यावरच बसते.

पण तो महिनाही फुकट देऊ नका. त्याला असं सांगा: ‘भाडं ४०,०००च. तुम्ही तीन वर्षांचा करार करून पहिली दोन वर्षं न सोडण्याची अट घेत असाल, तर पहिला महिना माफ.’ आधी त्याची बाजू, मग तुमची सूट. क्रम उलटा केला तर अट विसरली जाते. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तेव्हा नोंदणी आणि मुद्रांकाचा खर्च कोणी भरायचा हीसुद्धा तुमच्या हातातली एक सूट आहे. ती शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा, पण लहानच.

त्याच्या पावलांवरही लक्ष ठेवा. तो ३४ वरून ३६, मग ३७, मग ३७,४०० असा आला तर त्याचा तळ ३८ च्या आसपास असेल. आकड्याचं बोलणं सोडून तो विजेचा मीटर, शटर, साइनबोर्डची जागा विचारू लागला, तर पैशाचं त्याच्या मनात जवळपास ठरलंय. त्या क्षणी भाड्यात काही सोडू नका.

मात्र आक्रसत्या पावलांनी तळ दाखवून पुन्हा एकदम दोन हजार सोडलेत, तर आधीचं सगळं वाया जातं. आणि त्याच गल्लीत तसाच गाळा ३६ ला रिकामा असेल, तर ही पद्धत चालणार नाही. तो पावलं मोजत बसणार नाही, सरळ तिकडे जाईल. म्हणून त्याला फोन करण्याआधी आसपासच्या दोन-तीन गाळ्यांना सध्या किती भाडं चाललंय ते विचारून या.